मिनिट्सचा ड्राफ्ट ते चेअरमनची सही: मधल्या तीस दिवसांत कुठली फाइल खरी?

प्रश्न: आमची शिरोली एमआयडीसीत फाउंड्री आहे, प्रायव्हेट लिमिटेड, पाच डायरेक्टर सगळे घरचेच. मी अकाउंट्स बघतो आणि बोर्ड मीटिंगचे मिनिट्सही माझ्याच गळ्यात. ड्राफ्ट ग्रुपवर टाकला की प्रत्येकजण आपापला बदल करून परत टाकतो, final, final2, final नवीन अशा फायली होतात. शेवटी पुढच्या मीटिंगला "वाचून कायम" करतो आणि तेव्हाच सही घेतो. ऑडिटर म्हणतात हे चुकीचं आहे. नक्की कुठली फाइल खरी धरायची आणि सही कधी घ्यायची?

उत्तर:

ऑडिटर बरोबर आहेत. पण तुमचीही चूक समजण्यासारखी आहे, कारण आपल्या कोल्हापुरात निम्मी माणसं कुठल्या ना कुठल्या सोसायटीच्या, पतसंस्थेच्या नाहीतर दूध संस्थेच्या मीटिंगा बघत मोठी झालेली असतात. तिथं अजेंड्यावर पहिलाच विषय असतो, मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे. सेक्रेटरी प्रोसिडिंग भराभरा वाचतो, कोण ऐकत नाही, कुणीतरी मंजूर मंजूर म्हणतं, झालं कायम. तीच सवय आपण कंपनीत आणतो आणि तिथं फसतो, कारण कंपनीच्या बोर्ड मीटिंगला पुढच्या मीटिंगपर्यंत थांबायची मुभाच नाही. कंपनी कायदा २०१३ च्या कलम ११८ प्रमाणे मीटिंग संपल्यापासून ३० दिवसांच्या आत मिनिट्स मिनिट बुकात गेले पाहिजेत. आणि दोन बोर्ड मीटिंगमध्ये तर १२० दिवसांपर्यंत अंतर चालतं, स्मॉल कंपनी असली तर वर्षाच्या प्रत्येक सहामाहीत एकच मीटिंग घेतली तरी भागतं. म्हणजे तुम्ही पुढच्या मीटिंगची वाट बघत बसलात की ३० दिवस हमखास उलटणार. बोर्डाचे मिनिट्स कन्फर्म करावे लागत नाहीत, पुढच्या मीटिंगला ते फक्त नोंद घेण्यासाठी ठेवायचे. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं सोपं आहे.

मग मधल्या ३० दिवसांत काय काय होतं ते बघा. सेक्रेटेरियल स्टँडर्ड एक, म्हणजे आम्ही ज्याला एसएस वन म्हणतो, ते १ जुलै २०१५ पासून लागू झालं, नंतर त्यात दुरुस्त्याही झाल्या, आणि कलम ११८ मुळे ते प्रायव्हेट कंपनीलाही पाळावं लागतं. त्यात तीन आकडे आहेत. मीटिंग संपल्यापासून १५ दिवसांत ड्राफ्ट सगळ्या डायरेक्टरांना पाठवायचा, जे मीटिंगला नव्हते त्यांनासुद्धा. पाठवल्यापासून ७ दिवसांत त्यांनी लेखी काय ते कळवायचं. आणि ३० व्या दिवसापर्यंत मिनिट बुकात एंट्री. सात दिवसांत ज्यानं काहीच कळवलं नाही त्याला ड्राफ्ट मान्य आहे असं धरलं जातं, त्याच्या मागं फोन करत फिरायची गरज नाही.

आता तुमचा खरा प्रश्न, कुठली फाइल खरी. तर एंट्री होईपर्यंत कुठलीच फाइल खरी नसते हो. खरं असतं ते मीटिंगमध्ये जे झालं ते, आणि ड्राफ्ट म्हणजे ते लिहून काढायचा तुमचा प्रयत्न. त्यामुळं ड्राफ्टवर डायरेक्टरनं बदल करायचा नसतो, त्यानं शेरा द्यायचा असतो, आणि बदल करायचा की नाही हे ठरवून तो करायचा एकाच हातानं. तुमच्याकडं पाच हात एका ताटात आहेत, म्हणून सगळा काला झालाय. ड्राफ्ट कधीही वर्ड फाइल म्हणून पाठवू नका, पीडीएफ पाठवा. वर्ड फाइल फक्त तुमच्याकडं. आणि ग्रुपवर नको, कंपनीकडं नोंदवलेल्या प्रत्येकाच्या ईमेलवर पाठवा, कारण पाठवल्याचा आणि पोचल्याचा पुरावा मीटिंगच्या तारखेपासून निदान तीन वर्षं ठेवावा लागतो आणि ग्रुपमधला मजकूर कुणाचा फोन बदलला की गेला. ग्रुपवर टाकायचंच असेल तर एवढंच टाका, "ड्राफ्ट मेलवर पाठवलाय, २५ तारखेपर्यंत मेललाच उत्तर द्या."

फायलींची नावं मी अशी ठेवतो, यात काही थोर नाही पण वर्षानुवर्षं चाललंय:

```
BM-02_D0_2024-06-12.docx
BM-02_D1_2024-06-18.pdf
BM-02_D2_2024-06-26.pdf
BM-02_ENTRY_2024-07-02.pdf
```

BM-02 म्हणजे त्या वर्षातली दुसरी बोर्ड मीटिंग, प्रत्येक मीटिंगला अनुक्रमांक द्यावाच लागतो तोच इथं वापरायचा. D0 ही माझी कच्ची, ऑफिसबाहेर जात नाही. D1 म्हणजे सगळ्यांना गेलेली पहिली. शेरे आल्यावर काही बदललं तरच D2. final हा शब्द फाइलच्या नावात आमच्याकडं बंदच आहे, कारण final म्हटलं की दुसऱ्या दिवशी हमखास बदल निघतो. आणि नाव नुसतं फाइलला देऊन भागत नाही, प्रत्येक पानाच्या तळाशीही छापायचं, "मसुदा १, १८ जून, ४ पैकी पान २", कारण कुणीतरी प्रिंट काढतंच आणि प्रिंटला फाइलचं नाव नसतं.

आता हे सगळं एका मीटिंगवर दाखवतो, म्हणजे कळेल कुठं पाय घसरतो. कंपनीचं नाव सांगत नाही, तुमच्यासारखीच फाउंड्री, थोरले भाऊ चेअरमन, धाकटे भाऊ, एक चुलत भाऊ पुण्यात राहणारे, आणखी दोघं. मीटिंग झाली १० जूनला. म्हणजे ड्राफ्ट जायची शेवटची तारीख २५ जून आणि एंट्रीची शेवटची तारीख १० जुलै. पुण्याचे चुलत भाऊ आलेच नाहीत, रजा मागितलेली. विषय दोनच महत्त्वाचे, शॉट ब्लास्टिंग मशीनसाठी बँकेकडून मुदत कर्ज, आणि धाकट्या भावांच्या मालकीचा शेड भाड्यानं घेतलाय त्याच्या भाड्यात वाढ... नाही, तो दुसरा विषय गुंतागुंतीचा आहे, इंटरेस्टेड डायरेक्टर वगैरे, तो बाजूला ठेवू. दुसरा विषय धरा जुन्या डीलरला उधारीची मुदत ६० वरून ९० दिवस करायची. त्याला धाकट्या भावांनी मीटिंगमध्ये स्पष्ट विरोध केला, बाकीच्यांनी मंजूर केलं.

चूक माझीच झाली, ती आधी सांगतो. आम्ही काय करतो, अजेंडा नोट तयार असते त्यावरून मीटिंगच्या आधीच मिनिट्सचा सांगाडा टाइप करून ठेवतो, वेळ वाचतो. अजेंडा नोटमध्ये कर्ज होतं ४८ लाख. मीटिंग चालू असताना चेअरमननी मशीनवाल्याला फोन लावला, त्यानं भाव उतरवला, आणि ठराव झाला ४५ लाखांपर्यंतचा. माझ्या वहीत पेन्सिलनं लिहिलेलं होतं, "४८ खोडा, ४५, फोनवर बोलून". सांगाड्यात ४८ तसंच राहिलं. त्यात १३ तारखेला बँकेच्या शाखेतून फोन, ठरावाची प्रत आजच्या आज पाहिजे. माझ्या ऑफिसातल्या मुलानं कच्च्या ड्राफ्टातनं ठराव उचलला, लेटरहेडवर टाकला, सही झाली, गेला. ४८ लाखांचा.

आता इथं नियम काय आहे तो नीट समजून घ्या, कारण बँक नेहमीच घाईत असते. मिनिट्सचा उतारा किंवा प्रमाणित प्रत एंट्री झाल्यावरच देता येते. ठरावाची प्रमाणित प्रत मात्र त्याआधीही देता येते, पण अट अशी की त्या ठरावाचा मजकूर मीटिंगपुढं लेखी ठेवलेला होता. आमचा मजकूर ठेवलेला होता, ४८ चा. पण पास झाला तो ४५ चा, म्हणजे पुढं ठेवलेला मजकूर आणि पास झालेला मजकूर एक नव्हताच, मग ती सवलत आम्हाला लागूच होत नव्हती. तेव्हापासून माझ्याकडं एक पद्धत आहे. ज्या ठरावाची प्रत बँकेला लगेच लागणार हे माहीत आहे त्याचा मजकूर वेगळ्या कागदावर मीटिंगला नेतो, काही बदल झाला तर तिथंच पेननं बदलतो, चेअरमनची छोटी सही त्या बदलापाशी घेतो, आणि प्रत द्यायची ती त्या कागदावरून, कॉम्प्युटरमधल्या ड्राफ्टवरून नाही. तुम्ही एवढं एक केलंत तरी निम्मी भानगड मिटेल.

तर ड्राफ्ट D1 गेला १८ जूनला, ४८ लाखांसकटच. सात दिवस म्हणजे २५ जूनपर्यंत. मेलमध्ये मी असं लिहितो, सोबत १० जूनच्या मीटिंगचा मसुदा आहे, मीटिंगमध्ये झालं त्यापेक्षा काही वेगळं लिहिलं गेलं असेल तर पान आणि परिच्छेद सांगून २५ जूनपर्यंत याच मेलला उत्तर द्या, त्या तारखेपर्यंत काही आलं नाही तर तुम्हाला मसुदा मान्य आहे असं धरलं जाईल. "मीटिंगमध्ये झालं त्यापेक्षा वेगळं" हे शब्द मुद्दाम घालतो, नाहीतर लोक काय वाटेल ते पाठवतात.

तरी पाठवतातच म्हणा. चार शेरे आले.

पहिला एका डायरेक्टरांचा, "४५ ठरलं होतं, ४८ कसं?" हा खरा शेरा, नोंद चुकलीय. मी वही बघितली, घाम फुटला. चेअरमनना विचारलं, त्यांनीही ४५ सांगितलं. लगेच दुरुस्त.

दुसरा पुण्याच्या चुलत भावांचा, "माझ्या मते मशीन आत्ता घ्यायलाच नको, माझा विरोध नोंदवा." आता ते मीटिंगला नव्हते. ड्राफ्ट त्यांना पाठवणं बंधनकारक आहे, शेरा द्यायचा हक्कही आहे, पण जो विरोध मीटिंगमध्ये झालाच नाही तो मिनिट्समध्ये कसा घालणार? त्यांना फोन केला, म्हटलं दादा, तुमचं म्हणणं आहे ते पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर विषय म्हणून घ्या, तिथं बोला, तिथं नोंद होईल. थोडे नाराज झाले. त्यांचा मेल मात्र फायलीत ठेवला, फेकला नाही.

तिसरा धाकट्या भावांचा आणि हा सगळ्यात अवघड, कारण माणूस चांगल्या भावनेनं सांगत असतो. "माझा विरोध काढून टाका, त्यानंतर दादाशी बोलणं झालंय, आता मला ९० दिवस पटलंय." काढायचं नाही. विरोध करणाऱ्या किंवा तटस्थ राहणाऱ्या डायरेक्टरचं नाव मिनिट्समध्ये लिहावं लागतं, आणि १० जूनला त्यांनी विरोध केला होता ही वस्तुस्थिती २० जूनला मन बदललं म्हणून बदलत नाही. शिवाय त्यांच्याच हिताचं आहे, उद्या तो डीलर बुडाला तर हीच ओळ त्यांच्या कामाला येणार. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा ते हसले आणि म्हणाले, मग राहू दे की.

चौथा खुद्द चेअरमनचा. त्यांनी डीलरबद्दल मीटिंगमध्ये रागाच्या भरात एक वाक्य टाकलेलं, मी ते ड्राफ्टात ठेवलं होतं, त्यांना ते नको होतं. हे मात्र चालतं. बदनामीकारक, गैरलागू किंवा बिनमहत्त्वाचं, आणि कंपनीच्या हिताला बाधक असं काही मिनिट्समध्ये घ्यायचं की नाही हे ठरवायचा पूर्ण अधिकार कायद्यानंच चेअरमनला दिलाय. मिनिट्स म्हणजे झालेल्या कामकाजाचा योग्य आणि बरोबर सारांश, कोण काय बोललं त्याची टेप नव्हे. पण हा अधिकार शब्दांपुरता आहे, निर्णय गाळायला किंवा विरोधाचं नाव गाळायला तो वापरता येत नाही, आणि घरच्या कंपन्यांत थोरले भाऊ नेमका त्यासाठीच वापरायला बघतात.

म्हणजे शेरा आला की मी स्वतःला एकच विचारतो, हे १० जूनला घडलं होतं का? घडलं होतं आणि मी चुकीचं लिहिलं, दुरुस्त. घडलं नव्हतं, नाही घालायचं, मग सांगणारा कितीही मोठा असो. शेऱ्यांचा एक साधा तक्ता ठेवतो, कुणाचा, कधी आला, कुठलं पान, काय म्हणणं, घेतला का नाही, नाही तर का. एक पानभर होतो. चेअरमन त्यावर सही करतात, कारण काय घ्यायचं ते शेवटी त्यांनी ठरवायचं, मी फक्त लिहिणारा. भांडण झालं की हा एक कागद बाकीच्या सगळ्या फायलींपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

आणखी एक डायरेक्टर जागे झाले २८ जूनला, सात दिवस संपल्यावर. उशिरा आलेला शेरा घ्यायचा की नाही हे चेअरमन ठरवू शकतात, पण कधी, बोर्डानं त्यांना तसा अधिकार दिला असेल तरच. बहुतेक कंपन्यांत असा ठराव केलेलाच नसतो. तुम्ही पुढच्या मीटिंगला दोन ओळींचा ठराव करून ठेवा, मुदतीनंतर आलेले शेरे विचारात घेण्याचा अधिकार चेअरमनना राहील, एकदा केला की कायमचा प्रश्न मिटतो. आमच्याकडं ठराव होता, आणि तो शेरा स्पेलिंगचाच होता, डीलरच्या गावाचं नाव चुकलेलं. घेतला.

D2 बद्दल एक. शेऱ्यांनंतर बदललेला ड्राफ्ट परत सगळ्यांना पाठवलाच पाहिजे असं स्टँडर्ड म्हणत नाही. पण ठरावातला आकडा, तारीख, नाव बदललं असेल तर मी पाठवतो, बदललेली जागा पिवळी करून. ४८ चं ४५ झालं हे ज्यांनी तो शेरा दिला नव्हता त्या चौघांनाही एंट्रीच्या आधी कळायला पाहिजे, नाहीतर त्यांनी "मान्य" केलेला मसुदा वेगळा आणि बुकातला वेगळा असं होतं. नुसतं गावाचं नाव दुरुस्त केलं तर परत पाठवत बसत नाही. ही D2 आमच्याकडं २६ जूनला गेली, गावाचं नाव त्यानंतर थेट एंट्रीच्या प्रतीत दुरुस्त केलं.

आणि एंट्रीची प्रत छापायच्या आधी वर्डमध्ये Review मध्ये Compare आहे, त्यात D1 ची आणि शेवटची वर्ड फाइल समोरासमोर लावा. जेवढे बदल दिसतात तेवढे सगळे शेऱ्यांच्या तक्त्यात सापडले पाहिजेत. तक्त्यात नसलेला एक जरी बदल दिसला तर थांबा, कुणाचा तरी हात फाइलला लागलाय, बऱ्याचदा आपलाच, रात्री उशिरा भाषा "सुधारताना". मी स्वतः एकदा "विचार करण्यात यावा" चं "मंजूर करण्यात आले" करून बसलो होतो, वाक्य चांगलं वाटावं म्हणून!

एंट्री म्हणजे नक्की काय हेही सांगतो, कारण तुमचं मिनिट बुक बहुतेक सुट्या पानांचं असणार. पानांना सलग नंबर पाहिजेत, प्रत्येक मीटिंगला परत एकपासून नाही, मागच्या मीटिंगचं शेवटचं पान ६३ असेल तर ही ६४ पासून. बुकात कागद चिकटवायचे नाहीत, जोडायचे नाहीत. आम्ही कोऱ्या पानांवर आधीच नंबर छापून ठेवतो आणि ते गठ्ठे कपाटात कुलपात असतात. प्रिंट बिघडली तर ते पान फाडून टाकत नाही, आडवी रेघ मारून "रद्द" लिहून तिथंच ठेवतो, कारण ६५ नंतर थेट ६७ दिसलं की बघणाऱ्याला पहिला संशय तोच. सुटी पानं काही काळानं आर्थिक वर्ष धरून बाइंड करून घ्यायची. आणि शेवटी एंट्रीची तारीख लिहायची. कंपनी सेक्रेटरी असेल तर त्यानं, तुमच्याकडं नसेल तर बोर्डानं किंवा चेअरमननं ज्याला अधिकार दिलाय त्यानं. म्हणजे तुम्ही, पण तोंडी नको, लेखी अधिकार घ्या.

आमची एंट्री झाली २ जुलैला. या तारखेनंतर फाइल हा विषयच संपला. आता खरं फक्त बुक. D0 पासूनच्या फायली राहू द्या, पण त्यातली कुठलीही उघडून "थोडं दुरुस्त" करून परत छापायचं नाही. एंट्री झालेले मिनिट्स बदलायचे असतील तर एकच वाट, पुढच्या मीटिंगमध्ये ते नोंदीला आले की बोर्डानं स्पष्ट मंजुरी द्यायची आणि काय बदललं ते त्या मीटिंगच्या मिनिट्समध्ये लिहायचं. जुन्या पानावर व्हाइटनर नाही, खाडाखोड नाही, पान बदलणं तर नाहीच. मिनिट्समध्ये फेरफार केल्याबद्दल दोषी ठरलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार ते एक लाख रुपये दंड आहे, ते कलम ११८ मध्येच लिहिलंय, आणि ते करणाऱ्या माणसाला लागतं. म्हणजे थोरल्या भावांनी सांगितलं म्हणून पान बदलणारा अकाउंटंट सुटत नाही, हे विसरू नका.

सही. बोर्ड मीटिंगच्या मिनिट्सवर त्या मीटिंगचे चेअरमन किंवा पुढच्या मीटिंगचे चेअरमन सही करू शकतात. म्हणून लोकांना वाटतं पुढच्या मीटिंगपर्यंत थांबायचं. एंट्रीला थांबता येत नाही, आणि माझं मत विचाराल तर सहीलाही थांबू नका. एंट्री झाली की त्याच आठवड्यात घ्या, कारण माणूस परदेशी जातो, आजारी पडतो, घरात भांडण होतं, आणि बिनसहीची पानं म्हणजे नुसता कागद. प्रत्येक पानावर छोटी सही, शेवटच्या पानावर पूर्ण सही, त्याखाली तारीख आणि ठिकाण. मजकूर संपतो तिथपासून सहीपर्यंत जागा कोरी राहिली तर रेघ मारून बंद करायची. आमच्याकडं सही झाली ५ जुलैला, कोल्हापूर. तिथून १५ दिवसांत म्हणजे २० जुलैपर्यंत सही झालेल्या मिनिट्सची प्रमाणित प्रत सगळ्या डायरेक्टरांना पाठवायची, हे बहुतेक जण विसरतात. पुण्याच्या भावांनाही पाठवली.

हे सगळं फक्त बोर्डाच्या मीटिंगचं हं. शेअरहोल्डरांच्या जनरल मीटिंगचा ड्राफ्ट कुणाला फिरवायची गरज नाही, तिथं ३० दिवसांत एंट्री आणि त्याच ३० दिवसांत चेअरमनची सही, एसएस टू मध्ये आहे. दोन्हीची गल्लत करू नका.

तुमची जुनी बुकं ऑडिटर कसे तपासतात तेही सांगतो, म्हणजे तुम्हीच आधी बघून घ्याल. त्यांना मजकुरात फारसा रस नसतो, ते तारखा ओळीनं लावतात. मीटिंग, ड्राफ्ट गेल्याचा मेल, शेवटचा शेरा, एंट्री, सही. ड्राफ्ट १८ ला गेला आणि एंट्री २१ ला दिसली तर सात दिवस दिलेच नाहीत. सहीची तारीख एंट्रीच्या आधीची असली तर सही कशावर केली? सहीखाली कोल्हापूर लिहिलंय आणि त्या दिवशी चेअरमन दुबईच्या प्रदर्शनात होते हे प्रवासखर्चाच्या व्हाउचरवरून कळतं, हेही मी बघितलंय. आणि बँकेला दिलेली प्रत मिनिट बुकाशी ताडून बघतात, शब्द न् शब्द.

तुमच्या आत्ताच्या मीटिंगचे जे final, final2 पडलेत त्याचं काय करायचं? मीटिंगला ३० दिवस झाले नसतील तर सगळ्या फायली एका फोल्डरमध्ये तशाच ठेवा, काही पुसू नका. तुमची मीटिंगमधली वही आणि अजेंडा नोट समोर घ्या, त्यावरून नवा D1 स्वतः लिहा, आणि सगळ्यांना ईमेलनं पाठवा. ग्रुपवर आलेले बदल शेरे म्हणून तक्त्यात उतरवा. १५ दिवस उलटून गेले असतील तर ड्राफ्ट उशिरा गेला ही चूक झालीच, ती मागची तारीख टाकून झाकू नका, खरी तारीखच राहू द्या, मेलवर ती दिसतेच. ३० दिवसही उलटले असतील तर आज करा आणि एंट्रीची तारीख आजचीच लिहा. उशिराचा दंड कंपनीला २५ हजार आणि जबाबदार अधिकाऱ्याला ५ हजार आहे, तो परवडला, मागच्या तारखेची सही नको.

आणि ते ४८ लाख. बँकेला पत्र दिलं की १३ जूनची प्रत मागे घेत आहोत, ठराव ४५ लाखांचा आहे, सोबत मिनिट बुकातून काढलेली नवी प्रमाणित प्रत. तोपर्यंत त्यांचं सँक्शन लेटर ४८ चं तयार झालेलं, शाखेतले साहेब चिडले, परत मंजुरीला पाठवायला लागलं. मशीन महिनाभर उशिरा आलं आणि जुनी प्रत मी परत मागून घेतली, ती अजून त्या मीटिंगच्या फायलीत आहे, वर "रद्द" लिहून.